‘आणि बोल’वर थांबलेलं चॅट

प्रश्न: गड्ड्याच्या यात्रेत शाळेतली मैत्रीण बऱ्याच वर्षांनी भेटली. ती पुण्यात नोकरीला, मी इथेच सोलापुरात. नंतर जवळजवळ रोज चॅट व्हायचं. आता सहा दिवस झाले, एकदम शांत. शेवटचा मेसेज माझाच, ‘हम्म. आणि बोल’. ब्लू टिक आहे, उत्तर नाही. ‘रागावलीस का’ विचारावंसं वाटतं, पण चिकट वाटायला नको. काय लिहू?

उत्तर:

आधी तुमचा तो शेवटचा मेसेज नीट बघा. ‘हम्म’ने तिचं आधीचं वाक्य संपवलं आणि ‘आणि बोल’ने नवा विषय शोधायचं काम तिच्यावर टाकलं. समोर बसून बोलताना ‘आणि बोल’ चालतं, कारण पुढच्या दोन सेकंदांत कुणीतरी काहीतरी बोलतंच. ऑफिसमधून थकून आलेलं माणूस फोनवर हे वाचतं, काय बोलावं सुचत नाही, ‘नंतर लिहू’ म्हणून बाजूला ठेवतं आणि तो नंतर येतच नाही. चौथ्या दिवशी तिला आठवलं तरी आता एवढ्या उशिरा काय लिहायचं, असा संकोच होतो. सहा दिवस गप्प राहायला राग असावाच लागत नाही, एवढं पुरतं.

ब्लू टिकचा अर्थ तिच्या फोनवर ते चॅट उघडलं गेलं, एवढाच. कोणत्या वेळी, कोणत्या गडबडीत, हे टिक सांगत नाही. ती ऑनलाइन दिसते तेव्हा कुणाशी बोलत असेल याचा हिशोबही सोडून द्या. तो हिशोब मनात ठेवून लिहिलेल्या मेसेजमध्ये तक्रार आपोआप उतरते.

आता चॅट वर सरकवा आणि शेवटचे वीसेक मेसेज वाचा. दोन गोष्टी शोधायच्या आहेत. पहिली, तिने काही विचारलं होतं आणि तुमच्याकडून राहून गेलं का. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं: ती दोन गोष्टी लिहिते, आपण दुसरीला उत्तर देतो, पहिली तशीच राहते. तसं सापडलं तर तोच मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्या, नवीन काही रचायची गरज नाही. दुसरी, गेल्या दोन आठवड्यांत तिची उत्तरं आखूड होत गेलीत का. आधी तीन-चार ओळी, मग एक ओळ, मग ‘हो’, मग नुसता अंगठा, आणि तिच्याकडून प्रश्न येणं पूर्ण बंद, असं दिसलं तर तो विसरण्याचा प्रकार नाही. ती हळूहळू मागे सरकते आहे. त्यावर कोणतीही शब्दरचना चालत नाही आणि चालवायचा प्रयत्नही करू नये. तिथे खाली सांगितलेला एक मेसेज पाठवा आणि थांबा.

‘रागावलीस का’ हा प्रश्न तेव्हाच विचारायचा, जेव्हा रागाचं कारण तुम्हाला माहीत आहे. आणि कारण माहीत असेल तर प्रश्न तरी कशाला, थेट त्या गोष्टीची माफी मागावी: ‘परवा तुझ्या नोकरीवरून मी जे बोललो ते चुकलं.’ कारण नसताना विचारलं की तिच्यासमोर दोनच वाटा उरतात. ‘नाही रे’ म्हणून तुमची समजूत काढायची, किंवा कामाचा पाढा वाचून स्वतःची सुटका करून घ्यायची. दोन्हीत चटकन परत बोलावंसं वाटेल असं काही नाही.

टोमण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे प्रेम बऱ्याचदा टोमण्यातूनच निघतं. ‘मोठी माणसं झालात, आमची कशाला आठवण येईल’, ‘बिझी दिसतेस’, ‘विसरलीस वाटतं’. दोन मित्र पार्क चौकात भेटले आणि एकाने ‘काय बे, मेलास का’ म्हटलं तर त्यासोबत हसू असतं, खांद्यावर हात असतो. लिहिलेल्या ओळीत हे दोन्ही नसतं. हसणारा इमोजी जोडल्याने ते भरून येत नाही, उलट टोमणा मारून हात झटकल्यासारखं दिसतं. अशी ओळ वाचणाऱ्याला आधी सहा दिवसांचा हिशोब द्यावा लागतो, मग बोलता येतं. हिशोब द्यायचा कंटाळा आला की सातवा दिवसही तसाच जातो.

‘सॉरी, तुला सारखा त्रास देतोय’ हासुद्धा त्याच जातीचा मेसेज आहे, फक्त नम्र दिसतो. तिला ‘नाही रे, त्रास कसला’ म्हणायला लावतो, म्हणजे पुन्हा समजूत काढणं आलंच. ‘हाय’, ‘जेवलीस का’ आणि नुसती दोन प्रश्नचिन्हं यांची अडचण वेगळी: त्यात धरायला काही नसतं, म्हणजे ‘आणि बोल’चीच दुसरी आवृत्ती. सुप्रभातची फुलं पाठवून जागं करायचा प्रयत्न तर नकोच. त्याला उत्तर द्यायची कुणालाच सवय नाही.

मग लिहायचं काय? मेसेजमध्ये तीन गोष्टी असू द्या: तिनेच पूर्वी सांगितलेली एखादी गोष्ट, त्या गोष्टीला जोडलेलं तुमच्याकडचं काहीतरी ताजं, आणि अर्ध्या मिनिटात उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. सहा दिवसांचा उल्लेख अजिबात नको, गमतीनेही नाही.

समजा चॅट वर सरकवल्यावर असं सापडलं: तिने तीन आठवड्यांपूर्वी लिहिलं होतं की पुण्यात सोलापुरी म्हणून मिळणारी शेंगा चटणी कोरडी भुकटी असते. आणि तिच्या रूममेटचा कडक भाकरी इतके दिवस टिकते यावर विश्वासच बसत नव्हता. आता तुम्ही खरोखर नवी पेठेत गेलात आणि उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी दिसली, तर एक फोटो काढून त्याखाली एवढंच:

‘आज नवी पेठेत ही दिसली. बघ, कुटून तेल सुटलंय. तुझी ती पुण्याची कोरडी चटणी आठवली. रूममेटने कडक भाकरी खाल्ली का शेवटी?’

पहिल्या दोन वाक्यांत ताजी गोष्ट आहे, त्यामुळे मेसेज आज का आला याचं कारण त्यातच आहे. तिसऱ्या वाक्यात तिचं बोलणं तुमच्या लक्षात राहिलं हे कळतं, पण ‘मी तुझं सगळं लक्षात ठेवतो’ असं म्हणावं लागत नाही. चौथं वाक्य प्रश्न आहे, आणि तो तिच्याबद्दल नाही, रूममेटबद्दल आहे. म्हणून उत्तर हलकं राहतं: ‘हो’, ‘नाही’ किंवा एक किस्सा. कामात असेल तर ‘हो’ लिहून मोकळी होते, वेळ असेल तर किस्सा सांगते.

याच मेसेजमध्ये काय बिघडू शकतं तेही बघा. ‘कशी आहेस, नोकरी कशी चाललीय, कधी येणार?’ हे शेवटी जोडलं तर एकाचे चार प्रश्न झाले, आणि चारांना नीट उत्तर द्यायला निवांत वेळ लागतो, म्हणजे पुन्हा ‘नंतर’. फोटो ओळीशिवाय पाठवला तर एक हृदय येतं आणि विषय तिथेच संपतो. ‘तुझ्यासाठी पाव किलो घेऊ का, कुरिअर करतो’ हे लिहायचा मोह होईल. पहिल्या मेसेजमध्ये ते नको. सहा दिवस न बोललेल्या माणसाकडून एकदम उपकार घ्यायला अवघडल्यासारखं होतं, आणि नाही म्हणायचं तर तेही कठीण. ती स्वतः ‘अरे मला पण हवी’ म्हणाली की मग खुशाल पाठवा. आणि नवी पेठेत गेलाच नसाल तर गेलो म्हणून लिहू नका. दुसरी खरी गोष्ट सापडेपर्यंत दोन दिवस थांबलात तरी चालतं.

वेळ म्हणाल तर रात्री आठ-साडेआठ बरी. कामाच्या दिवशी सकाळी पाठवला तर मेसेज गडबडीत वाचून राहून जातो. रात्री साडेअकराला पाठवला तर तोच साधा मजकूर ‘झोप येत नव्हती, तुझीच आठवण’ असा वाचला जातो. पाठवल्यावर ओळ आवडली नाही म्हणून डिलीट करू नका. मेसेज काढून टाकल्याची खूण तिथे राहते आणि नसलेलं गूढ तयार होतं. शब्द चुकला असेल तर व्हॉट्सॲपवर 15 मिनिटांच्या आत तो बदलता येतो, तेवढं पुरे.

उत्तर आलं की खरी काळजी तिथे घ्यायची. बहुतेक ते ‘सॉरी रे, खूप काम होतं’ अशानेच सुरू होईल. त्यावर ‘मला वाटलंच’ किंवा ‘चालायचंच, सवय झालीय’ लिहिलंत तर सांभाळून रचलेला सगळा मेसेज वाया गेला. ‘अगं ठीक आहे’ एवढं पुरे, आणि लगेच त्याच मेसेजमध्ये विषयावर या: ‘मग काय म्हणाली रूममेट?’ उत्तर दोन दिवसांनी आलं म्हणून तुम्हीही मुद्दाम दोन दिवस लावू नका. वेळ मिळेल तेव्हा साधं लिहा. आणि रोजच्या जुन्या वेगावर त्याच दिवशी ओढू नका. दहा-बारा मेसेज झाले आणि विषय जिवंत आहे असं वाटतंय, तेव्हाच ‘चल, उद्या लवकर उठायचंय’ म्हणून थांबा. पुढच्या वेळी धरायला काहीतरी उरतं, आणि शेवटचा मेसेज पुन्हा ‘आणि बोल’ होत नाही.

नुसता इमोजी आला तर तेही उत्तरच समजा आणि त्यामागे लगेच दुसरा प्रश्न लावू नका. दहा-बारा दिवस जाऊ द्या. काहीच आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी, असंच खरं निमित्त मिळालं तर, आणखी एक मेसेज पाठवायला हरकत नाही. त्यात मात्र प्रश्नही नको, म्हणजे उत्तर न देणंही तिला सोपं जाईल: ‘आपल्या शाळेच्या भिंतीला नवा रंग दिलाय, ओळखूच येत नाही’, खाली फोटो, बस. त्यालाही शांतताच मिळाली तर तिसरा मेसेज पाठवू नका, स्टेटसवरून खुणा करू नका, सामाईक मैत्रिणीकडून चौकशी करू नका. नंबर तिच्याकडे आहे. तिला बोलावंसं वाटलं तर ती लिहील, आणि तेव्हा वर सरकवलं तर तिला तिथे चटणी आणि शाळेची भिंत दिसेल, जाब विचारणारी एकही ओळ नाही.