शून्य देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

प्रश्न : प्रोग्रॅमिंगच्या एका विषयाला मी टीचिंग असिस्टंट आहे. ४२ असाइनमेंट तपासताना दोघांचे कोड जवळपास हुबेहूब निघाले, फक्त व्हेरिएबलची नावं बदललेली होती. दोघांना बोलावलं. एक जण रडत म्हणाला, "मीच घेतला." त्याला शून्य दिलं, दुसऱ्याचे गुण तसेच ठेवले. त्याचं नुकसान नको म्हणून प्राध्यापकांना सांगितलं नाही. आता तीन आठवड्यांनी तो म्हणतोय की कबुली दबावाखाली घेतली, तक्रार करणार. गुण परवा अंतिम होतील. माझ्यावर काही येईल का?

उत्तर : येऊ शकतं, आणि ते कॉपीमुळे नव्हे, तुमच्या शून्यामुळे. अशी पत्रं मला दर सत्राच्या अखेरीस येतात. नावं बदलतात, दयाबुद्धीने केलेला घोळ तोच असतो.

तुमच्या विषयाच्या नियमपत्रिकेत, संशय आला तर कुणाला कळवायचं याचं एक वाक्य बहुधा असेल. मी ते पाहिलेलं नाही, पण तुमचं सगळं प्रकरण त्याच वाक्यावर उभं आहे. तपासनिसाचा अधिकार समोरच्या उत्तराला गुण देण्यापुरता असतो, गैरवर्तनाची शिक्षा दुसरा कुणी ठरवतो. आता स्वतःला विचारा, हाच कोड एकट्याचा आला असता तर शून्य मिळालं असतं का? नसतं. म्हणजे ते मूल्यमापन नव्हतं, शिक्षा होती. पकडणारे तुम्ही, विचारणारे तुम्ही, निकाल देणारेही तुम्हीच.

शिक्षेआधी समोरच्याला बाजू नीट मांडू द्यावी, हे तत्त्व जुनं आहे. केंब्रिज विद्यापीठाने रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याची बाजू न ऐकताच काढून घेतल्या होत्या. १७२३ मध्ये न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. त्या वेळी एक न्यायाधीश म्हणाले, ॲडमला बागेतून हाकलण्याआधी देवानेही त्याला विचारलं होतं. तुम्हीही विचारलंत, हे खरं. पण आरोप लेखी नाही, तयारीला वेळ नाही, तिसरं माणूस नाही, आणि विचारणाऱ्याच्याच हातात गुण. अशा तोंडी कबुलीवर मी एक पाऊलही टाकणार नाही. ती नव्हतीच असं धरून चाला.

मग उरतो कोड. तो किती बोलतो हे नीट पाहा. सारखी रचना फारसं सिद्ध करत नाही, कारण तुम्ही वर्गाला दिलेला सुरुवातीचा सांगाडा दोघांकडे असणारच. कोडमधलं साम्य शोधणारं मॉससारखं साधन वापरणार असाल तर तो सांगाडा आधी वगळा :

```
moss -l c -b sangada.c ek.c don.c
```

त्यातून येणारी टक्केवारी फक्त साम्य दाखवते. चोरी झाली की नाही, हे ती सांगत नाही. खरा पुरावा सामाईक चुकीत असतो. समजा दोघांचंही लूप यादीतला शेवटचा घटक सोडून देतं, दोघांच्याही छापील संदेशात तोच शब्द चुकलेला आहे, आणि उरलेल्या ४० जणांत या दोन गोष्टी एकत्र कुठेच नाहीत. हे योगायोगाने घडणं अवघड. तरीही कुणी कुणाचं घेतलं, हे त्यातून कळत नाही. ज्याने आधी जमा केलं तोच मूळ लेखक, असं तर मुळीच समजू नका. घेणारा कधीकधी घाईने आधीच जमा करून मोकळा होतो. दोघांनीही तिसऱ्याच ठिकाणाहून उचललं असण्याची शक्यताही उरतेच. म्हणून एकाला शून्य आणि दुसऱ्याला पूर्ण गुण, हा तुमचा निवाडा पुराव्यावर टिकत नाही. तो फक्त रडण्यावर टिकला होता.

आज रात्रीच प्राध्यापकांना लिहा. परवा गुण अंतिम झाले की चूक दुरुस्त करायला वेगळी प्रक्रिया लागेल, आणि त्यात तुमचं मौन लपवाछपवी म्हणून वाचलं जाईल. पत्रात 'कॉपी' हा शब्द नको, 'साम्य' लिहा. ते केव्हा दिसलं, दोघांना कधी बोलावलं, शून्य कुणी दिलं आणि तीन आठवडे का कळवलं नाही, सगळं जसं घडलं तसं. तारीख मागे ढकलायचा विचारही करू नका. दोघांचेही गुण रोखून ठेवायची विनंती करा, एकट्याचे नको. फाइली जमा झाल्या तशाच जोडा. उघडून जतन केल्या तर बदलाची वेळ बदलेल आणि पहिला आक्षेप तिथेच येईल. जमा झाल्याची नोंद यंत्रणेतून वेगळी काढून घ्या.

विद्यार्थ्याशी आता बोलू नका. 'गुण परत देतो, तक्रार करू नकोस' असा निरोप तर चुकूनही पाठवू नका, तोच तुमच्याविरुद्धचा सर्वात पक्का कागद ठरेल.

तुमच्या नेमणुकीचं काय होईल, हे नेमणूकपत्र न पाहता सांगता येत नाही. स्वतःहून कळवणाऱ्याला नुसती समज मिळून सुटताना मी पाहिलं आहे, पण त्याची हमी देत नाही. पत्र पाठवल्यावर त्याची पोच मात्र मागून घ्या.