क्रीम, ऑफ-व्हाइट आणि पांढरा: कार्डावर सारखे, भिंतीवर इतके वेगळे का?

प्रश्न: पुण्यात टू बीएचके घेतलाय, आतला रंग ठरवायचाय. दुकानात क्रीम, ऑफ-व्हाइट आणि प्युअर व्हाइटची कार्डं बघितली तर फार फरक वाटत नाही. पण मावशीकडचं क्रीम चक्क पिवळं दिसतं, आणि मित्राच्या पांढऱ्या हॉलमध्ये दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. असं का होतं? आमच्या हॉलची बाल्कनी उत्तरेला आहे, बेडरूम पश्चिमेला, फरशी आयव्हरी व्हिट्रिफाइड, दरवाजे सागवानी. काय घेऊ?

उत्तर:

माझं रंगांचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न दिवाळीच्या आधी रोज येतो. डब्यात काय असतं ते आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं.

तिन्ही रंगांचा पाया एकच, टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड. प्युअर व्हाइटमध्ये तिच्याशिवाय फारसं काही नसतं. ऑफ-व्हाइट करताना मशीन त्यात पिवळा आणि काळा रंग थेंबाथेंबाने सोडतं, कधी चिमूटभर लालही. क्रीममध्ये पिवळा जास्त. पिवळा रंग करतो एवढंच, की पडलेल्या उजेडातला निळा भाग थोडा गिळतो आणि बाकीचा परत पाठवतो. काळा सगळंच थोडंथोडं गिळतो. कार्ड हातात धरता तेव्हा उजेड त्यावर एकदाच आपटून डोळ्यात येतो, म्हणून फरक किरकोळ वाटतो.

खोलीत तसं होत नाही. उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर, तिथून छतावर, पुन्हा भिंतीवर असा फिरत राहतो आणि दर वेळी क्रीम त्यातला निळा आणखी थोडा खातं. समजा एखादं क्रीम लाल उजेडाचे शंभरातले ८५ भाग परत देतं आणि निळ्याचे ६५. एका आपटीनंतर ८५ आणि ६५. दुसऱ्या भिंतीवर आपटल्यावर लाल उरतो ७२, निळा ४२. तिसऱ्यानंतर लाल ६१, निळा फक्त २७. म्हणजे कार्डावर जे जेमतेम क्रीम होतं ते चार भिंतींच्या आत बऱ्यापैकी पिवळं होतं. मावशींच्या घरी झालंय ते हेच, रंगाऱ्याने डबा बदललेला नाही. खात्री करायची असेल तर त्यांच्या खोलीचा कोपरा बघा. दोन भिंती जिथे एकमेकींसमोर येतात तिथे रंग सर्वांत गडद दिसेल. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, कार्डावर जो आवडला त्याच रांगेतला एक पायरी फिका घ्या. खोली लहान आणि चारही भिंती त्याच रंगात असतील तर दोन पायऱ्या.

आता मित्राचा हॉल. प्युअर व्हाइट काहीच गिळत नाही, त्यामुळे जो उजेड येईल त्याचाच रंग भिंतीला येतो. आपल्याकडे बहुतेक घरांत ‘कूल डेलाइट’ ट्यूब असतात, खोक्यावर ६५००K छापलेलं असतं. त्यांचा उजेड निळसर. भर दुपारी निळसर उजेड डोळ्यांना चालतो, कारण तो भरपूर असतो. रात्री एका ट्यूबवर सगळी खोली काढायची तर तोच उजेड अपुरा आणि गार वाटतो आणि पांढरी भिंत तो जसाच्या तसा दाखवते. त्याच भिंतीवर २७०० किंवा ३०००K चा पिवळसर दिवा लावला की तीच खोली मऊ क्रीम दिसते. मित्राला भिंती रंगवायला लावण्याआधी दिवे बदलून बघायला सांगा, हजारभर रुपयांत भागेल. (माझ्या धंद्याच्या विरुद्ध सल्ला आहे, पण खरा आहे.) उलट बाजूही लक्षात ठेवा. ६५०० च्या ट्यूबखाली क्रीम कधीकधी किंचित हिरवट आणि मळकं दिसतं. म्हणून आधी दिवे ठरवा, मग रंग. घरात सगळीकडे ४०००K लावलंत तर दोन्ही टोकं टळतात.

तिसरं कारण डोळ्यांचं. नजरेसमोर जे सर्वांत उजळ आणि कमी रंगाचं असेल त्यालाच डोळा पांढरं धरतो आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघतो. एकटी ऑफ-व्हाइट भिंत पांढरीच वाटते. तिच्याशेजारी प्युअर व्हाइट छत आलं की ती लगेच पिवळी किंवा राखाडी ठरते. आपल्याकडे छत पांढरंफेक आणि भिंती क्रीम अशी सवयच आहे, त्यामुळे क्रीम आहे त्याहून गडद भासतं. जुन्या लोकांना हे चांगलं माहीत होतं. चुन्याच्या सफेदीत थोडी नीळ घालायचे ते यासाठीच. निळीने भिंत खरं तर किंचित काळोखते, पण पिवळेपणा मारला गेल्यामुळे डोळ्याला जास्त शुभ्र वाटते. आजचे काही ‘सुपर व्हाइट’ हीच युक्ती वापरतात, म्हणून त्यांच्यात निळसर झाक असते.

आणि इथेच तुमच्या फरशीचा प्रश्न येतो. आयव्हरी व्हिट्रिफाइड म्हणजे क्रीमच. तिच्यावर निळसर झाकेचा पांढरा लावलात तर भिंत छान दिसेल, फरशी मात्र जुनी, पिवळी पडलेली वाटेल. लोक मग फरशी ॲसिडने घासत बसतात. फरशी बदलता येत नाही, रंग येतो, तेव्हा फरशीला सांभाळून घेणारा पांढरा निवडायचा. कोटा असती तर हिरवट-राखाडी झाकेचा ऑफ-व्हाइट सांगितला असता. आयव्हरीला पिवळसर झाकेचा लागतो. सागवानी दरवाज्यांनाही तोच जुळतो.

तुमचा हॉल उत्तरेचा. तिथे वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आभाळाचा निळसर उजेड येतो. पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य डोक्याच्या उत्तरेकडून जातो, पण त्यातला निम्मा काळ ढगांत जातो आणि पावसाळी उजेड राखाडीच. अशा हॉलला प्युअर व्हाइट दिलात तर जुलैमध्ये तो कागदावर सर्वांत उजळ आणि डोळ्याला सर्वांत उदास असेल. अंधारी खोली पांढऱ्या रंगाने उजळते असा समज आहे, तो अर्धाच बरोबर. उजेड मोजला तर थोडा जास्त भरेल, पण खिडकीपासून लांबचा भाग पांढऱ्यात राखाडी दिसतो आणि तोच क्रीमकडे झुकलेल्या रंगात ऊबदार सावलीसारखा वाटतो. म्हणून हॉलला पिवळसर झाकेचा फिका ऑफ-व्हाइट घ्या. काळा जास्त पडलेला, म्हणजे राखाडीकडे झुकणारा नको. छतालाही प्युअर व्हाइटऐवजी तोच शेड द्या, म्हणजे तुलना करायला पांढरं काही उरत नाही आणि छताची कड टोचत नाही.

पश्चिमेच्या बेडरूमचं उलट. संध्याकाळचं ऊन आधीच नारिंगी असतं, क्रीमवर पडलं की भिंती आंब्यासारख्या पिकतात. तिथे प्युअर व्हाइट किंवा अगदी पुसटसा ऑफ-व्हाइट चालेल. खिडकीसमोर काय आहे तेही बघा. जवळ विटकरी रंगाची इमारत असेल तर ती गुलाबी छटा आत टाकते, दाट झाडं हिरवी. पांढरी भिंत ही उसनवारी सर्वांत आधी दाखवते.

क्रीम कुठेच नको का? मोठ्या, भरपूर उन्हाच्या खोलीत शुभ्र पांढरा डोळ्यांना चमकतो, तिथे फिकं क्रीम छान वाटतं. ज्या भिंतीला ओल येते तिथेही त्याचा फायदा आहे, कारण पिवळसर डाग पांढऱ्यावर ओरडतात. अर्थात ओल आधी बंद करायला हवी. रंगाने ती झाकून पुढच्या पावसाळ्यापुरतीच निघते.

निवड कार्डावर करू नका. तीन शेड नमुन्याच्या छोट्या डब्यात घ्या आणि प्रायमर मारलेल्या दोन-दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात द्या. भिंतीवर थेट लावलात तर जुना रंग शेजारी दिसतो आणि डोळा फसतो. पुठ्ठा एकदा खिडकीच्या शेजारच्या भिंतीला लावा, एकदा समोरच्या, एकदा कोपऱ्यात फरशीला टेकवून. सकाळी, दुपारी चार वाजता आणि रात्री ट्यूबखाली बघा. झाक ओळखायला तिन्ही पुठ्ठे एकमेकांना चिकटवून धरा, लगेच एक गुलाबी, एक हिरवट, एक पिवळा वाटेल. लोक ए-फोर कागद लावून बघतात, ते मला पटत नाही. त्या कागदात चमक आणणारं रसायन असतं, दिवसाउजेडी तो निळसर झळकतो आणि त्याच्यापुढे चांगला पांढराही पिवळा ठरतो.

रंगाऱ्याशी बोलताना दोन गोष्टी. प्युअर व्हाइट रंग झाकायला कच्चा असतो, कारण त्यात उजेड गिळणारं काहीच नाही. जुना गडद रंग असेल तर लांबी आणि प्रायमरनंतरही तीन हात लागू शकतात, तिथे ऑफ-व्हाइटचं दोनमध्ये भागतं. भाव ठरवताना हे आधीच बोलून घ्या. याउलट पांढऱ्याचा फायदा म्हणजे नंतर डागावर हात मारला तर सहज मिसळतो. ऑफ-व्हाइट मशीनमध्ये बनतो आणि दोन वेळा बनवलेल्या डब्यांत उन्नीस-बीस होतंच. लागणारा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या, डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळायला सांगा आणि उरलेला अर्धा लिटर झाकण घट्ट करून ठेवा. झाकणावरच्या चिठ्ठीत शेडचा नंबर असतो, तिचा फोटो काढून ठेवलात तर तीन वर्षांनी माझ्यासारख्या दुकानदाराला अंदाजाने शेड जुळवावा लागत नाही.

दरवाज्यांच्या चौकटी पांढऱ्या करणार असाल तर साधा ऑइल पेंट टाळा. तो अंधारात हळूहळू पिवळा पडतो, कपाटामागे तर लवकर. भिंतीवरचं ॲक्रिलिक इमल्शन तसं पडत नाही, मग दोन पांढऱ्यांत तफावत दिसायला लागते. पाण्यातला एनॅमल मिळतो, थोडा महाग आहे, पण तुमच्या भिंतीइतकाच पांढरा राहील.