कंठ दाटण्याआधीचा थांबा

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा भाषणाचा मसुदा मिळाला. पुढच्या आठवड्यात निवृत्त होणाऱ्या तुझ्या वरिष्ठांच्या निरोप समारंभात तुला बोलायचे आहे, आणि घरी एकट्याने वाचतानाही तिसऱ्या परिच्छेदापाशी आवाज कापरा होतो, घसा भरून येतो आणि पुढचे वाचवत नाही, असे तू लिहिले आहेस. रडू येऊ नये म्हणून काय करावे, असा तुझा प्रश्न आहे. रडू थांबवण्याचा खात्रीचा उपाय माझ्यापाशी नाही. मात्र ते नेमके कोणत्या वाक्यावर येणार हे आधी शोधता येते, आणि त्या वाक्याच्या अलीकडे थांबण्याची जागा करून ठेवता येते. आवाज अडखळल्यावर माणूस थांबला की ऐकणाऱ्यांना तो अडकल्यासारखा दिसतो. तोच थांबा वाक्याच्या आधी घेतला, तर तो बोलण्याचाच भाग वाटतो.

प्रथम घशात काय होते ते सांगतो, कारण ते कळले की भीती बरीच कमी होते. मन हेलावले की शरीर अधिक हवा घेण्याच्या तयारीला लागते आणि स्वरतंतूंमधली फट उघडी ठेवू पाहते. गिळताना मात्र तीच फट मिटावी लागते. या दोन ओढी एकाच वेळी सुरू झाल्या की घशात गोळा अडकल्यासारखे वाटते; आपण ज्याला आवंढा म्हणतो तो हाच. त्याच वेळी श्वास छातीच्या वरच्या भागात आखूड होतो आणि घशाचे स्नायू ताणले जातात. स्वरतंतूंखाली हवेचा दाब एकसारखा राहिला नाही की सूर हलू लागतो, आणि ताणामुळे आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत चढतो. आवाज कापतो तो बहुधा वाक्याच्या शेवटी, म्हणजे छातीतली हवा संपत आलेली असते तिथे. म्हणून लांब वाक्य हे हळव्या मजकुरासाठी सर्वांत धोक्याचे.

आता तुझ्या मसुद्याकडे येतो. ज्या वाक्यावर तू अडतोस ते असे आहे: 'माझे वडील रुग्णालयात होते ते दोन महिने माझ्या वाट्याचा महिनाअखेरचा सगळा हिशेब तुम्ही स्वतःचे काम संपवून रात्री बसून पूर्ण केलात आणि त्याबद्दल आजतागायत ना मला काही ऐकवलेत ना दुसऱ्या कोणाला कळू दिलेत, हे मी कधीही विसरणार नाही.' लिहिताना हे वाक्य सुंदर आहे, पण एका श्वासात ते कोणालाच म्हणता येणार नाही. मी ते मोठ्याने वाचून पाहिले. माझी हवा 'पूर्ण केलात' पाशी संपली, आणि तुझ्या मनाला सर्वांत खोल भिडणारे शब्द, म्हणजे 'ना दुसऱ्या कोणाला कळू दिलेत', हे त्याच्याही पुढे आहेत. तुला वाटते की तुला वडिलांच्या आजारपणाच्या आठवणीने रडू येते. मला तसे वाटत नाही. वडिलांचा उल्लेख तू पहिल्या परिच्छेदातही केला आहेस आणि तिथे अडल्याचे तू लिहिलेले नाहीस. तुला अडवते ती तुझ्या वरिष्ठांनी कोणालाही न सांगता केलेली गोष्ट. हे ओळखणे महत्त्वाचे, कारण थांबा वडिलांच्या उल्लेखाआधी नव्हे, तर त्या शब्दांच्या आधी हवा.

म्हणून तो मजकूर मी असा मांडून पाहिला आहे:

'माझे वडील दोन महिने रुग्णालयात होते. महिनाअखेरचा हिशेब माझ्याकडे असायचा. त्या दोन्ही महिन्यांत तो तुम्ही केलात. रात्री बसून, स्वतःचे काम संपवून. मला ते पुढे कागदांवरच्या तुमच्या अक्षरावरून कळले.' इथे थांब. मग: 'तुम्ही ते कोणालाही सांगितले नव्हते.'

कागदांवरच्या अक्षराची गोष्ट तुझ्याच पत्रातली आहे. ती भाषणात का घेतली नाहीस, हे मला समजले नाही. ती साधी, डोळ्यांना दिसणारी माहिती आहे, आणि अशी माहिती सांगताना आवाज सहसा स्थिर राहतो. हळव्या वाक्याच्या आधी आणि नंतर असे एकेक कोरडे वाक्य असले की पाय टेकायला जागा मिळते. 'हे मी कधीही विसरणार नाही' हे मी गाळले आहे. ते ऐकणाऱ्यांना नवे काही सांगत नाही, आणि तुला मात्र आणखी एक अवघड वाक्य पार करावे लागते. त्यानंतर लगेच तुझ्या मसुद्यातले नव्या सहकाऱ्यांना काम शिकवण्याबद्दलचे वाक्य घे. ते पुरेसे कोरडे आहे.

त्या थांब्यात काय करायचे ते नीट सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. ते घाईने मोठा श्वास वर छातीत ओढतात, तो रोखून धरतात आणि मग शब्द एकदम बाहेर ढकलतात. रोखलेल्या श्वासाने घसा आणखी आवळतो. तू आधी उरलेली हवा किंचित उघड्या तोंडाने सावकाश बाहेर जाऊ दे, मग नाकाने श्वास घे, तो बरगड्यांच्या खालच्या भागात पसरतो आहे असे जाणवू दे, आणि श्वास पूर्ण होताच न थांबता पहिला शब्द उच्चार. या सगळ्याला तीन-चार सेकंद लागतात. व्यासपीठावर ते फार लांब भासतात, म्हणून घरी फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐक. बोलताना असह्य वाटलेला थांबा ऐकताना सहज वाटतो. वाक्याची सुरुवात नेहमीपेक्षा जरा खालच्या सुरात कर, पण कुजबुजू नकोस. कंप लपवण्यासाठी माणसे आवाज बारीक करतात, आणि कमी दाबाच्या हवेने तो कंप अधिकच ऐकू येतो.

पाण्याचा पेला हाताशी, झाकण काढून ठेव. गिळताना ती फट मिटते आणि घशातला गोळा क्षणभर सैल होतो, त्यामुळे 'तुमच्या अक्षरावरून कळले' नंतर एक लहान घोट घेणे हा थांब्याचा सर्वांत नैसर्गिक मार्ग आहे. खाकरून घसा साफ करण्याचा प्रयत्न मात्र करू नकोस. त्याने स्वरतंतू एकमेकांवर आपटतात आणि आवाज अधिक खरखरीत होतो.

आता अश्रूंविषयी. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून अश्रू नाकात उतरतात, म्हणून गालावर थेंब ओघळण्याआधीच नाक वाहू लागते, आणि माइकसमोर नाक ओढल्याचा आवाज सभागृहभर जातो. रुमाल खिशात नको, हातात किंवा कागदांशेजारी असू दे, आणि नाक पुसताना तोंड माइकपासून बाजूला वळव. गालावर अश्रू आला तर तो एकदा पुसून पुढे वाच. तो कोणाला खटकत नाही. खरी अडचण होते ती अक्षरे अंधूक होण्याची. त्यासाठी भाषण अठरा पॉइंटच्या टंकात, ओळींमध्ये भरपूर जागा ठेवून, पानाच्या वरच्या दोन तृतीयांश भागातच छाप. प्रत्येक ओळ जिथे श्वास घ्यायचा तिथे संपू दे, आणि एकही वाक्य पान उलटून पुढे जाऊ देऊ नकोस. कागद जाड घे, कारण पातळ कागद हातात थरथरला की ती थरथर पाहून बोलणाराच बिचकतो. पानांवर क्रमांक घालायला विसरू नकोस.

सराव उभे राहून आणि मोठ्याने कर. मनात वाचताना यातले काहीच घडत नाही आणि तयारी झाल्याचा खोटा भास होतो. पहिल्या एक-दोन वाचनांत रडू आले तर थांबून सोडून देऊ नकोस, रडत रडत परिच्छेद शेवटापर्यंत ने. चार-पाच दिवसांत दहा-बारा वेळा असे झाले की त्या वाक्याची धार कमी होते, अर्थ मात्र कमी होत नाही. वाचताना पेन्सिल हातात ठेव आणि जिथे वेग वाढतो तिथे खूण कर. घाई ही रडू येण्याची पहिली खूण असते. ती अवघड वाक्याच्या एक-दोन वाक्ये आधीच सुरू होते, आणि खरे सावरायचे ते तिथेच. समारंभाच्या दिवशी मात्र एकदाच वाच. आणि एवढे करूनही प्रत्यक्षात ती व्यक्ती समोर बसलेली असेल, हे ध्यानात ठेव. त्यांचे डोळे भरलेले दिसले की सरावाचा बराचसा परिणाम ओसरतो. ते वाक्य म्हणताना त्यांच्याकडे न पाहता मागच्या रांगेतल्या एखाद्या शांत चेहऱ्याकडे पाहा, आणि वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांच्याकडे वळ.

तरीही कंठ दाटला तर काय करायचे, हे मी माझ्या चुकीतून शिकलो. अनेक वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याला निरोप देताना माझा आवाज गेला, आणि मी थांबण्याऐवजी 'माफ करा' म्हणत जोर लावून पुढे वाचत राहिलो. सूर चढत गेला, वेग वाढत गेला, आणि शेवटचे पान मी वाचलेच नाही. त्यांच्याविषयी जे सांगायचे ते सगळे त्याच पानावर होते, आणि ते त्यांना कधीच ऐकायला मिळाले नाही. म्हणून तू शब्दाच्या मध्यावर असलास तरी थांब. तोंड मीट, श्वास सोड, पाण्याचा घोट घे, आणि ते वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू कर. तुटलेल्या शब्दापासून पुढे गेलास तर ऐकणाऱ्यांना अर्थ लागत नाही आणि घसाही त्याच आवळलेल्या अवस्थेतून बोलायला लागतो. क्षमा मागू नकोस, कारण ते शब्दच पुन्हा रडू आणतात. दोनदा प्रयत्न करूनही वाक्य उमटले नाही, तर ते सोडून दे आणि सहकाऱ्यांना शिकवण्याबद्दलच्या वाक्यावर जा. त्या वाक्याभोवती आजच ठळक चौकट आखून ठेव, म्हणजे ओल्या डोळ्यांनाही ते सापडेल.

भाषणाची दुसरी प्रत एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला देऊन त्याला पहिल्या रांगेत बसव. तू कागद उलटा ठेवलास की त्याने उठून उरलेला मजकूर वाचायचा, एवढे आधी ठरवून ठेव. ही सोय बहुधा लागणार नाही, पण ती आहे हे माहीत असल्यामुळे घसा कमी आवळतो. त्यानेही ते भाषण एकदा मोठ्याने वाचलेले असू दे. प्रत कोणाकडे देणार आहेस, आणि तो थांबा घेऊन वाचल्यावर ध्वनिमुद्रण कसे ऐकू आले, हे मला रविवारपर्यंत कळव. मसुद्यात आणखी एखादे वाक्य तोडायचे असेल तर तेवढा वेळ आपल्याकडे आहे.

तुझा,
एक जुना वक्ता