लोणच्याच्या काहीच बरण्यांना बुरशी का?

आम्ही नाशिकला शेजारणी मिळून घरगुती लोणची-मसाले विकतो. कैरीच्या लोणच्याची कृती एकच, तरी काही घरांच्या बरण्यांना बुरशी येते. कुठे चुकतंय?

बहुतेक वाटीच्या मापात. जाडं मीठ आणि बारीक मीठ एकाच वाटीत घेतलं, तर जाडं वजनाला कमी भरतं. म्हणून सगळ्यांनी मीठ तोलूनच घ्या. 5 किलो फोडींना मी 900 ग्रॅमच्या खाली जात नाही. 'कमी मिठाचं द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी मीठ घातलेलं लोणचं ताजं, फ्रीजमध्ये ठेवायचं म्हणून वेगळं विका.

बरणी नीट बघा, कारण तिथेच कळतं. तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडींवरच बुरशी असेल, तर तेल कमी पडलंय. फोडी पहिल्या काही दिवसांत तेल पितात. त्यामुळे लगेच झाकण बंद करून विकू नका. चार-पाच दिवसांनी कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल वरून घाला, फोडी बुडायलाच हव्यात. बुडबुडे येत असतील किंवा झाकण फुगलं असेल, तर मीठ कमी किंवा ओल जास्त. आपल्याकडे कैरी पाऊस सुरू होता होता येते, तेव्हा धुतलेल्या फोडी कापडावर पंख्याखाली पूर्ण कोरड्या करा.

बुरशीची बरणी वरचा थर काढून विकू नका, फेकाच.

आणि प्रत्येक लेबलवर घाणा क्रमांक आणि तारीख लिहा, दोन घरांचं लोणचं एकत्र करू नका. तक्रार आली की कोणत्या घरचा घाणा ते कळेल आणि तेवढ्याच बरण्या परत मागवता येतील.