थर्माकोलच्या कपातली उदासिनीकरण उष्णता : ग्राफची रेषा मागे का न्यायची?

मॅडम, थर्मामीटरवर जास्तीत जास्त 33.9 दिसलं, आणि तुम्ही म्हणता ग्राफवरून 34.2 घ्या. हे मनानेच आकडा वाढवणं नाही का?

नाही, आणि का नाही ते तुझ्याच रीडिंगवर बघू. तू 50 मिली 1 मोलर HCl कपात घेतलंस, 50 मिली 1 मोलर NaOH वेगळ्या बीकरमध्ये. शून्य, एक आणि दोन मिनिटांना दोन्हींचं तापमान घेतलंस, ॲसिड 27.8 आणि अल्कली 27.4, दोन्ही स्थिर. आकारमान सारखंच आहे म्हणून सुरुवातीचं तापमान सरासरी 27.6 धरायचं. तिसऱ्या मिनिटाला ओतलंस, त्या मिनिटाचं रीडिंग नाही. मग चौथ्याला 33.8, पाचव्याला 33.9, सातव्याला 33.6, नवव्याला 33.3, अकराव्याला 33.0.

आता हे बघ, पाचव्या मिनिटानंतर तापमान दर दोन मिनिटांना 0.3 ने उतरतंय, म्हणजे मिनिटाला 0.15. कप उष्णता सोडतोय आणि ते सोडणं काही पाचव्या मिनिटाला सुरू झालेलं नाही, ओतल्या क्षणापासून चालूच आहे, फक्त तेव्हा थर्मामीटरचा बल्ब स्वतः गरम होत होता म्हणून ते आपल्याला दिसलं नाही. रिॲक्शन तर ओतताक्षणीच जवळपास संपते. म्हणजे पाचव्या मिनिटाला 33.9 वाचलंस तोपर्यंत दोन मिनिटांची उष्णता हवेत गेलेली आहे, 0.15 गुणिले 2, म्हणजे 0.3 अंश. उतरती रेषा पट्टीने मागे वाढवून तिसऱ्या मिनिटाच्या उभ्या रेषेला भेटव, तिथे 34.2 येतं. अजिबात उष्णता गेली नसती आणि थर्मामीटरही मागे राहिला नसता तर हेच दिसलं असतं.

वाढ झाली 6.6 अंश. 100 × 4.18 × 6.6 म्हणजे साधारण 2759 ज्यूल, पाणी तयार झालं 0.05 मोल, भागाकार 55.2 किलोज्यूल प्रति मोल, उष्णता बाहेर पडतेय म्हणून मायनस. 33.9 च घेतलं असतंस तर 52.7 आलं असतं.

रेषा नक्की कुठल्या पॉइंटपासून काढायची? मी सगळे पॉइंट जोडले तर चौथ्या मिनिटाचा खाली राहतो.

तो राहणारच, तो रेषेत घ्यायचाच नाही. रेषेप्रमाणे चौथ्या मिनिटाला 34.05 असायला हवं होतं, दिसलं 33.8, कारण बल्ब अजून गरम होत होता. पॉइंट एका सरळ ओळीत पडायला लागले की तिथून पुढचेच घ्यायचे, निदान चार तरी, आणि पारदर्शक पट्टी ठेवून डोळ्यांनी मधोमध रेषा बसवायची. पॉइंट टू पॉइंट जोडायचे नाहीत. चांगले पॉइंट मिळवायचे तर ओतल्यावर निदान आठ मिनिटं रीडिंग घ्यावी लागतात, आणि बरेच जण तापमान उतरायला लागलं की थर्मामीटर बाहेर काढतात, खरी माहिती तर तिथूनच पुढे सुरू होते!

दुसरी चूक म्हणजे रेषा शून्य मिनिटापर्यंत, थेट y अक्षापर्यंत ओढणं. तुझ्या ग्राफवर तसं केलं तर 34.65 येईल, म्हणजे ॲसिड-अल्कली एकत्र यायच्या आधीच्या तीन मिनिटांचा तोटाही भरून काढल्यासारखं होईल. ओतण्याच्या क्षणाला थांबायचं.

ग्राफ काढून, सगळं करून 55.2 च आलं. पुस्तकात 57.1 आहे. चुकलं कुठे?

मला वाटतं तुझं काहीच चुकलेलं नाही. ग्राफ फक्त हवेत हळूहळू जाणारी उष्णता भरून देतो. पण कप, झाकण आणि थर्मामीटर ओतल्याबरोबर द्रावणासोबत गरम होतात, ती उष्णता रेषेच्या उतारात दिसतच नाही. रेषा कितीही सुबक काढ, हा वाटा परत येणार नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

मोजायचं असं. कपात 50 मिली पाणी 27.6 अंशांचं, दुसऱ्या बीकरमध्ये 50 मिली 47.6 चं, गरम पाण्याचं तापमान ओतायच्या अगदी क्षणाआधी वाचायचं कारण ते भराभर उतरतं. ओतून तसाच ग्राफ काढायचा. समज मागे नेल्यावर 37.3 आलं. गरम पाणी 10.3 अंश उतरलं, म्हणजे 50 × 4.18 × 10.3, साधारण 2153 ज्यूल दिले. थंड पाणी 9.7 अंश चढलं, 2027 ज्यूल घेतले. उरलेले 126 ज्यूल कपाने घेतले, 9.7 अंशांसाठी, म्हणजे अंशाला 13 ज्यूल. आता मूळ हिशोबात 418 च्या जागी 431 घे, 431 × 6.6 ÷ 0.05, येतं 56.9.

पण 57 ला टेकलं म्हणून लगेच खूश होऊ नकोस. 0.1 अंशाच्या थर्मामीटरवर सुरुवात आणि शेवट मिळून 0.2 ची चूक सहज होते, 6.6 मध्ये 0.2 म्हणजे तीन टक्के, जवळपास 1.7 किलोज्यूल. शिवाय पातळ मिठाच्या द्रावणासाठी पाण्याचेच आकडे वापरलेत. त्यामुळे 56.9 ऐवजी 57 असंच लिही, दशांशाच्या पुढचा आकडा खरा नसतो.

आमच्या ग्रुपचं उत्तर 62.7 आलं. उष्णता हवेत जाते तर कमी यायला हवं, जास्त कसं?

जास्त आलं की आधी सुरुवातीचं तापमान तपासा. माझ्या अंदाजाने तुम्ही NaOH चे दाणे त्याच दिवशी विरघळवलेत, विरघळताना ते स्वतःच चांगले तापतात, आणि द्रावण पूर्ण थंड व्हायच्या आत वापरलंत. ॲसिड 27.6 आणि अल्कली 29.4 असेल तर सुरुवात 28.5 ची, पण फक्त ॲसिडचं तापमान घेतलं तर 0.9 अंश फुकटचे मिळतात, 55.2 चे थेट 62.7 होतात. ग्राफवर हे ओळखता येतं, अल्कलीचे ओतण्याआधीचे तीन पॉइंट आडवे न राहता खाली उतरताना दिसतात. तसं दिसलं तर अल्कलीची रेषासुद्धा पुढे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवायची आणि तिथलं तापमान घ्यायचं. त्यापेक्षा द्रावण आदल्या दिवशी करून ठेवा आणि टायट्रेशनने त्याची तीव्रता काढा, कारण NaOH चे दाणे हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात, वजन बघून तीव्रता खरी येत नाही.

2018 च्या बंदीनंतर थर्माकोलचे ग्लास मिळत नाहीत. कागदी कप चालेल का?

चालेल. एकात एक दोन कागदी कप घ्या, वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला थर्मामीटरपुरतं भोक, आणि सगळं 250 मिलीच्या बीकरमध्ये ठेवा म्हणजे ढवळताना कलंडत नाही. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घरात पडला असेल तर तो भोवती लावा. उतार जास्त तीव्र येईल, पण उतार सरळ असेल तर मागे नेता येतो. आमच्या लॅबमध्ये एका बॅचला छताचा पंखा चालूच राहिला होता आणि रेषा मिनिटाला 0.3 ने पडत होती, मधे कुणीतरी पंखा बंद केला तर ग्राफला मध्येच कोपरा पडला, ती रेषा काही वापरता आली नाही. पंखा आधीच बंद करा. आणि कप बदलला की गरम पाण्याचा प्रयोग पुन्हा करायचा, थर्माकोलचे 13 ज्यूल कागदी कपाला लागू नाहीत.