पुणे–नागपूर : रात्रीची स्लीपर की दिवसाची वंदे भारत?

प्रिय मित्रा,

सोमवारी सकाळी साडेदहाला नागपुरात कागदपत्रांची पडताळणी आणि त्यानंतर मुलाखत, असं तुझं काम आहे. रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जावं की सकाळच्या गाडीने, हा तुझा प्रश्न. "बसने गेलं तर लॉजचे पैसे वाचतात" हे तू लिहिलंस, तिथूनच सुरुवात करतो. हिशेब नेमका तिथेच फसतो.

आधी दोन्ही प्रवास कसे आहेत ते बघ. पुण्याहून नागपूरच्या अजनी स्टेशनला जाणारी वंदे भारत सकाळी ६.२५ ला सुटते आणि संध्याकाळी ६.२५ ला पोचते, म्हणजे बरोबर बारा तास. रूळ दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घालून जातात, म्हणून अंतर ८८१ किलोमीटर पडतं. रस्त्याने ते सातशेच्या आसपास आहे, तरीही बसला तेरा ते पंधरा तास लागतात. कारण बस नुसती चालत नाही, ती आधी माणसं गोळा करते. स्वारगेट किंवा निगडीहून निघून संगमवाडी, येरवडा, खराडी, वाघोली असं करत शहराबाहेर पडायला तिला दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे तिकिटावरची सुटायची वेळ पहिल्या थांब्याची आहे की तुझ्या, हे नीट बघायचं. शक्य असेल तर वाघोलीला चढ. तेवढा वेळ बर्थवर आडवं होऊन हॉर्न ऐकण्यापेक्षा घरी जेवून निघालेलं बरं.

आता पैसे. वंदे भारतच्या चेअर कारचं तिकीट जेवणासकट एकवीसशेच्या आसपास धर. एसी स्लीपरचं साध्या दिवसात चौदाशे धरू. सणासुदीला हाच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये असा २०१८ चा शासन निर्णय आहे, पण दिवाळीत तो किती पाळला जातो हे ॲप उघडलं की कळतं. नागपुरात बऱ्यापैकी लॉजची खोली तेराशेला मिळते असं समजू. तू केलेला हिशेब असा असणार : तिकिटात सातशे वाचले, लॉजचे तेराशे वाचले, एकूण दोन हजार फायदा.

पण सोमवारी सकाळी काय होतं ते बघ. संध्याकाळी सातला वाघोलीहून निघालेली बस सगळं सुरळीत झालं तर साडेआठ-नऊला नागपुरात पोचते. तुला साडेदहाला इस्त्रीच्या कपड्यांत हजर व्हायचंय. आंघोळ कुठे करणार? रेल्वे स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचा विचार मनात येईल, पण तिथे बुकिंगला गाडीच्या तिकिटाचा पीएनआर लागतो. बसच्या प्रवाशाला ती मिळत नाही. हॉटेलांचा चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बाराचा असतो आणि सकाळी नऊला खोली हवी तर आदल्या रात्रीचं भाडं मागतात. मग उरतात दोन वाटा. एक, तासांवर मिळणारी खोली किंवा ओळखीच्या कुणाचं घर. दुसरी, चोवीस तासांच्या हिशेबाने चालणारा लॉज. सीताबर्डी, गणेशपेठ भागात असे लॉज आहेत. फोनवर "रूम आहे का?" एवढंच विचारू नकोस. "चेक-आऊट बाराचा की चोवीस तासांचा?" हे विचार.

तासांच्या खोलीला सहाशे गेले तर बसने जाऊन-येऊन, दोन रात्रीचं जेवण आणि एक नाश्ता धरून, एकोणचाळीसशे होतात. पूर्ण खोली घेतलीस तर शेहेचाळीसशे. गाडीने जाऊन रात्री लॉजवर राहून परत बसने आलास तर त्रेपन्नशे. म्हणजे वाचणारे दोन हजार प्रत्यक्षात चौदाशे किंवा सातशेच उरतात. लॉजची रात्र खरोखर वाचते ती एकाच परिस्थितीत : बसमधून उतरून थेट कुणाच्या तरी घरी जायचं असेल तर.

दुसरी गोष्ट झोपेची. चौदा तासांच्या प्रवासात चौदा तास झोप मिळत नाही. वाटेत नऊ-दहाला ढाब्यावर जेवायला अर्धा-पाऊण तास थांबतात. सगळे दिवे लागतात, क्लीनर पडदे हलवत जातो. अकराला डोळा लागतो. दोन-तीनच्या सुमाराला लघवीसाठी थांबा, पाच-साडेपाचपासून "अमरावतीवाले" अशी हाक सुरू. पदरात पाच तास पडतात, तेही तुकड्यातुकड्यांत. त्या डोक्याने वर्गात मागे बसता येतं, मुलाखत देणं अवघड.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उशीर दोघांनाही होतो. पण गाडी दोन तास उशिरा आली तर तू साडेआठला लॉजवर पोचशील आणि बिघडणार काही नाही. बस दोन तास उशिरा आली तर साडेदहाची वेळ गेली. गाडीच्या उशिराला पुढची अख्खी रात्र गादीसारखी आहे, बसच्या उशिराला तासा-दीड तासाचीच जागा आहे. टायर बदलायला, डिकीतलं पार्सल उतरवायला किंवा संभाजीनगरजवळच्या कोंडीत तेवढा वेळ सहज जातो.

गाडीची बाजू निर्दोष आहे असं नाही. बारा तास खुर्चीत बसायचं असतं, पाठ सरळ करायला आडवं होता येत नाही. चेअर कारमध्ये रांग तीन आणि दोनची असते. तिघांच्या मधली जागा आली तर भुसावळपर्यंतच वैताग येतो. शिवाय निम्म्या खुर्च्या उलट्या तोंडाच्या असतात आणि त्या फिरत नाहीत, फिरणाऱ्या खुर्च्या एक्झिक्युटिव्ह डब्यात असतात. उलटं बसून मळमळत असेल तर आधीच गोळी जवळ ठेव. तिकीट काढताना जेवण नको असा पर्याय असतो, त्याने काहीशे रुपये कमी होतात. पण डबा खरंच बरोबर नेणार असशील तरच तो घे. आणि पहाटे ६.२५ ची गाडी म्हणजे साडेचारला उठणं आलं, हेही मोज.

वार मात्र बघायलाच हवा. ही गाडी पुण्याहून मंगळवारी सुटत नाही आणि अजनीहून सोमवारी सुटत नाही. तुझं काम सोमवारी आहे म्हणून रविवारची गाडी मिळतेय. हेच काम बुधवारी असतं तर आदल्या दिवशी गाडीच नसती, आणि मग आझाद हिंदसारखी रात्रीची रेल्वे शोधावी लागली असती. रविवारी जाण्यात आणखी एक फायदा आहे : तुझा दिवस तसाही सुट्टीचा आहे. हाच प्रवास कामाच्या दिवशी असता तर बुडालेल्या रजेची किंमत गाडीच्या बाजूला मांडावी लागली असती, आणि बसचं पारडं बरंच जड झालं असतं.

म्हणून माझा सल्ला : जाताना गाडी, येताना बस. परतीला वंदे भारत अजनीहून सकाळी ९.५० ला सुटते आणि पुण्यात रात्री ९.५० ला येते. तिच्यासाठी सोमवारची रात्र लॉजवर काढावी लागेल आणि मंगळवारचा दिवसही जाईल. बसने आलास तर मंगळवारी सकाळी घरी, स्वतःच्या अंथरुणावर दोन तास पडून दुपारी कामावर. येताना झोप तुटली तरी तिची किंमत कमी असते.

गाडीचं तिकीट साठ दिवस आधी खुलतं, रविवारचं लवकर भरतं. वेटिंग राहिलं आणि चार्ट लागल्यावरही कन्फर्म झालं नाही, तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं; ते दाखवून चढता येत नाही. सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या रात्रीच लागतो, त्यामुळे शनिवारी रात्री कळतं आणि रविवारची बस पकडायला अख्खा दिवस हातात राहतो. तत्काळ काढायचंच असेल तर एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला उघडतं, आणि कन्फर्म झालेलं तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

परतीच्या बसचा बर्थ निवडताना घाई करू नकोस. खालचा, एकेरी बाजूचा, आणि बसच्या मधोमधचा घे. चाकांच्या मधल्या भागात धक्के सगळ्यांत कमी लागतात. मागच्या चाकाच्याही मागे जो भाग येतो तो झोक्यासारखा वरखाली होतो, आणि इंजिन मागे असलेल्या बसमध्ये तिथे आवाज आणि उष्णताही असते. अगदी पुढे दार, हॉर्न आणि ड्रायव्हरच्या केबिनचा उजेड. वरच्या बर्थवर वळणाला शरीर जास्त डुलतं. एकट्याने दुहेरी बर्थ घेतलास तर शेजारी अनोळखी माणूस येणार, हे धरून चाल. पाय पुढच्या बाजूला येतील असं झोप. जोराचा ब्रेक लागला तर डोकं आपटण्याऐवजी पाय टेकतात.

चढल्याबरोबर दोन गोष्टी बघायच्या. आपत्कालीन दरवाजा कुठे आहे आणि त्याच्यासमोर सामान रचलंय का. काच फोडायची हातोडी कुठे लटकवलीय. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला येणारी बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात उलटून पेटली आणि २५ जण गेले, ते रात्री दीडच्या सुमाराला. एसी बसच्या काचा उघडत नाहीत, म्हणून हातोडी कुठे आहे ते झोपण्याआधीच माहीत असावं. बसमध्ये ड्रायव्हर दोन आहेत का, हेही क्लीनरला विचार. एकच असेल तर ती बस सोडून द्यायला लाजू नकोस.

परतीचं तिकीट रात्री आठच्या पुढच्या बसचं काढ. पडताळणीची रांग साडेदहाला सुरू झाली तरी मुलाखत संपायला पाच वाजतात, आणि सहाच्या बससाठी पळताना फाईल कुठेतरी विसरते. लॉज चोवीस तासांचा असेल तर रविवारी संध्याकाळी सातला घेतलेली खोली सोमवारी सातपर्यंत तुझीच आहे. आंघोळ करून, कपडे बदलून निघ. बाराच्या चेक-आऊटचा असेल तर बॅग काऊंटरवर ठेवू देतील का, हे रविवारी रात्रीच विचारून घे.