बँक बदलल्यावर पगाराचं खातं कसं बदलून घ्यायचं, आणि मधे पैसे अडकले नाहीत हे कसं तपासायचं?

*प्रश्न: मी कोल्हापुरात एका कारखान्यात आहे. बँक बदलली. ऑफिसात नवीन खातं कळवलं की झालं का? मधला पगार कुठे अडकला तर कसा कळणार? आणि जुनं खातं लगेच बंद करू का?*

जुनं खातं एवढ्यात बंद करू नका. बाकीचं सावकाश सांगते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा पगार मी बरीच वर्षं करते. टाइम ऑफिसकडून हजेरी येते, मी पगारपत्रक लावते आणि बँकेला फाइल जाते. खातं बदलायचा अर्ज दर महिन्याला एखाद-दुसरा असतोच. त्यातले बहुतेक बिनबोभाट पार पडतात. जे अडकतात, त्यांची कारणं मात्र ठरलेली असतात.

पहिली गोष्ट तारखेची. पगार पाच किंवा सात तारखेला पडत असला तरी पगारपत्रक त्याच्या बरंच आधी बंद होतं. आमच्याकडे २३ तारीख आहे, तुमच्याकडे वेगळी असेल. त्यानंतर दिलेला बदल पुढच्या महिन्यापासून लागतो. म्हणून अर्ज देताना एकच प्रश्न विचारा: "हा महिना कुठल्या खात्यात पडणार?" उत्तर तोंडी नको, मेलवर किंवा अर्जाच्या पोचपावतीवर घ्या.

अर्जासोबत नाव छापलेला कॅन्सल चेक द्या. चेकबुक अजून आलं नसेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स चालते. खातेक्रमांक हाताने लिहून देऊ नका आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. मी स्वतः असा मेसेज आला तरी त्या माणसाला फोन करून विचारल्याशिवाय काही बदलत नाही, कारण दुसऱ्याच्या नावाने "माझं खातं बदला" असे मेल पाठवून पगार पळवायचे प्रकार होतात. कुणी असा फोन केला तर रागावू नका.

क्रमांकाच्या बाबतीत दोन फसव्या जागा आहेत. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. पुष्कळ लोक तिथे इंग्रजी ओ लिहितात. ही चूक तशी निरुपद्रवी, कारण असा कोड बँकेची प्रणाली घेतच नाही आणि चूक लगेच दिसते. दुसरी जागा एक्सेलची आहे आणि ती जास्त वाईट. काही बँकांचे खातेक्रमांक १६ अंकी असतात. असा क्रमांक एक्सेलमधे साध्या आकड्यासारखा टाकला तर ते पहिले १५ अंकच धरून ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी गुपचूप शून्य करतं. क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही गळून पडतं. ज्या ऑफिसात फाइल एक्सेलमधे तयार होते, तिथे तुमचा अर्ज बरोबर असूनही फाइलमधला आकडा चुकलेला असू शकतो.

चुकलेला आकडा कुणाच्याच खात्याचा नसेल तर पैसे परत येतात. तो दुसऱ्या कुणाच्या खात्याचा निघाला तर मात्र पंचाईत. एनईएफटीत रक्कम खातेक्रमांकावर जमा होते. नाव जुळलं नाही म्हणून ती थांबेलच असं नाही. मग त्या माणसाच्या संमतीने पैसे परत मिळवायचे म्हणजे बँकेच्या खेपा आणि पत्रव्यवहार. म्हणून अर्ज दिल्यावर म्हणा, "मॅडम, आधी एक रुपया टाकून बघा." आम्ही तो टाकतो, त्यात काही जगावेगळं नाही. रुपया नवीन खात्यात दिसला आणि बँकेकडून आलेलं नाव तुमचंच असलं की क्रमांकाचा प्रश्न मिटला.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात आहे.

आमच्या फेटलिंग शॉपमधले एक दादा. त्यांनी २६ जुलैला अर्ज दिला, म्हणजे २३ तारीख उलटून गेल्यावर. "पुढच्या महिन्यापासून लागेल," असं मी सांगितलं. त्यांनी ते "पुढचा पगार नवीन खात्यात" असं ऐकलं आणि ३० जुलैला जुनं खातं बंद करून मोकळे झाले. मी १ ऑगस्टला नवीन खातं नोंदवलं. ५ ऑगस्टला जुलैचा पगार गेला, ३१,४६० रुपये, आणि तो गेला जुन्या खात्यावर, कारण फाइल आधीच तयार झाली होती.

सात तारखेला दादा स्लिप घेऊन आले. "मॅडम, पगार पडला म्हणून हितं लिहिलंय, आणि पासबुकात कायबी नाही." स्लिपवर खाली नवीन खात्याचे शेवटचे चार आकडे होते. त्यामुळे ते नवीन बँकेत दोन खेपा घालून आले होते, आणि तिथे काही आलंच नव्हतं तर बँकवाले दाखवणार काय? झालं असं होतं की आमचं सॉफ्टवेअर स्लिप छापताना खाते क्रमांक त्या दिवशीच्या नोंदीतून उचलतं. पैसे मात्र फाइलमधल्या क्रमांकावर जातात. स्लिप छापेपर्यंत नोंद बदललेली होती. तेव्हा हे ध्यानात ठेवा: स्लिप सांगते पगार किती निघाला. तो कुठे पोहोचला हे ती सांगत नाही.

अशा वेळी यूटीआर मागायचा. एनईएफटीच्या प्रत्येक व्यवहाराला १६ अक्षरांचा एक क्रमांक असतो, आणि फाइल गेल्यावर कंपनीच्या बँकेकडून तो प्रत्येक नावासमोर मिळतो. "पगार टाकलाय" या उत्तरावर परत जाऊ नका. "यूटीआर द्या, आणि तो कुठल्या खात्यावर गेला त्याचे शेवटचे चार आकडे सांगा," असं म्हणा. दादांचा यूटीआर काढला तेव्हा शेवटचे आकडे जुन्या खात्याचे निघाले आणि दोन मिनिटांत उलगडा झाला.

पैसे होते कुठे? आमच्याच कंपनीच्या खात्यात. एनईएफटीत ज्या खात्यावर रक्कम जमा होऊ शकत नाही, तिथून ती त्या बॅचनंतर दोन तासांच्या आत परत पाठवावी लागते. ३१,४६० रुपये ५ तारखेलाच संध्याकाळी परत येऊन बसले होते. स्टेटमेंटमधे गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमांच्या गर्दीत रिटर्न असा शेरा असलेली ती एक ओळ होती, आणि अकाऊंट्सने महिनाअखेरच्या जुळवणीपर्यंत तिच्याकडे बघितलं नसतं. परत आलेला पगार आपोआप नवीन खात्यावर जात नाही. कुणीतरी तो ओळखून पुन्हा पाठवावा लागतो. दादांना तो ११ तारखेला मिळाला. तेव्हापासून पगाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी रिटर्न बघते, मग चहा.

आता तपासणीचं. बँक बदलल्यावर तीन महिन्यांच्या स्लिपा आणि दोन्ही खात्यांची स्टेटमेंटं समोर घ्या. स्लिपवरचा निव्वळ आकडा आणि जमा झालेला आकडा रुपयागणिक जुळला पाहिजे. अंदाजाने "आला असेल" असं नको, कारण ओव्हरटाइममुळे दर महिन्याचा आकडा हलतो. दादांचे तीन महिने असे होते: जुलै ३१,४६०, ऑगस्ट ३२,११५, सप्टेंबर ३०,८७०, एकूण ९४,४४५. पासबुकात एन्ट्री मारून आणली, बेरीज तंतोतंत तीच. आम्ही दोघंही निवांत झालो.

आणि तरीही १,८५० रुपये राहिले होते.

ऑगस्टमधे ते पुण्याला एका गिऱ्हाइकाकडे कास्टिंगची तक्रार बघायला गेले होते, त्याच्या प्रवासखर्चाचं व्हाउचर. ते पैसे पगारातून जात नाहीत, अकाऊंट्स विभाग देतो. त्यांच्याकडे लोकांच्या खात्यांची स्वतःची वेगळी यादी असते. दादांनी खातं बदलल्याचं मला कळवलं होतं, त्या यादीला कुणी कळवलंच नव्हतं. रक्कम बंद खात्यावर गेली, परत आली आणि पडून राहिली. स्लिपवर हा आकडा नसतोच, त्यामुळे स्लिपांची बेरीज कितीही जुळली तरी तो सापडला नसता. ऑक्टोबरात दादांनी सहज विचारलं, "त्या पुण्याच्या खर्चाचं काय झालं?" तेव्हा शोधाशोध झाली.

म्हणून अर्ज देताना विचारा की पगाराशिवाय मला आणखी कोण-कोण पैसे देतं आणि त्यांची यादी वेगळी आहे का. प्रवासखर्च, मेडिकल बिलं, रजेचे पैसे, मागचा फरक. आणि दिवाळीचा बोनस खास करून विचारा. बऱ्याच ठिकाणी बोनसची फाइल वर्षातून एकदाच बनते, आणि ती बनवायची सोपी पद्धत म्हणजे गेल्या वर्षीची फाइल उघडून रकमा बदलणे. खातेक्रमांक गेल्या वर्षीचेच राहतात. हे मी इतरांवर ढकलत नाही, एके वर्षी मीच केलं आहे.

यावरून जुन्या खात्याचं उत्तर येतं. ते उघडं असतं तर दादांचा जुलैचा पगार आणि प्रवासखर्च दोन्ही तिथे जमा झाले असते आणि कुणाला काही शोधावं लागलं नसतं. किमान तीन पगार नवीन खात्यात बघा, मधे बोनस यायचा असेल तर तोही येऊ द्या, मग बंद करा. तेवढे महिने एक काळजी घ्या. काही महिने पगार आला नाही की बँका पगाराचं खातं साध्या बचत खात्यात बदलतात, मग काही बँकांत किमान शिल्लक ठेवावी लागते आणि नसेल तर दंड कापतात. तुमच्या बँकेत विचारून तेवढी रक्कम ठेवा. गाडीचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता तिथून कापला जात असेल तर तो आधी नवीन खात्यावर वळवा.

पीएफचं खातं यात आपोआप बदलत नाही. यूएएनला जोडलेली बँक तुम्हाला ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतः बदलावी लागते. आयकराचा परतावा येणार असेल तर आयकर पोर्टलवरही नवीन खातं जोडून पडताळून घ्या.

पगार दिसत नाही असं झालंच, तर थेट नवीन बँकेत जाऊ नका. आधी जुन्या खात्याचं स्टेटमेंट बघा, मग ऑफिसकडून यूटीआर घ्या, आणि अकाऊंट्सला विचारा, "या रकमेचा रिटर्न आलाय का?" यूटीआर नवीन खात्याचा असून रिटर्नही आला नसेल, तरच तो क्रमांक घेऊन बँकेत जा. क्रमांक हातात असला की काउंटरवरचा माणूस व्यवहार शोधू शकतो.